काकांनी काहीही दुरुस्त करायचं नाही

निर्मात्याचं म्हणणं एवढंच होतं, की पात्राला मिशी लावा. एका बाजूने जरा तिरकी. मिशी लोकांच्या लक्षात राहते, असं त्याने तिसऱ्यांदा सांगितलं, आणि लेखिकेने तिसऱ्यांदा समोरच्या थंड झालेल्या चहाकडे बघितलं.

मिशी नको असेल तर तोतरेपणा द्या, तो पुढे म्हणाला. तेही नको असेल तर चालताना एक पाय ओढू दे. नाहीतर एखादं ठरलेलं वाक्य असू दे, म्हणजे ते पोरांच्या तोंडी बसेल, टीशर्टवर छापता येईल.

लेखिका कधीकाळी नाटकं लिहायची. आता ती या कंपनीसाठी मोबाइलवर बघायच्या मिनिटभराच्या विनोदी फिती लिहायची, आणि गेल्या वर्षी तिने त्या ढिगाने लिहिल्या होत्या. त्यातल्या काही तुफान चालल्या. पण चालल्या म्हणजे काय, तर लोकांनी बघितल्या, हसले आणि अंगठ्याने पुढे सरकवल्या. कुणी बनवल्या, त्यात कोण होतं, हे दुसऱ्या दिवशी कुणालाही आठवत नव्हतं. रोज नव्याने विहीर खणायची आणि रोज नवं पाणी प्यायचं, असा तो धंदा झाला होता. म्हणून एक असं पात्र हवं होतं, की लोक विनोदासाठी नाही तर त्या माणसासाठी परत येतील. इथपर्यंत निर्मात्याचं आणि तिचं एकमत होतं. भांडण पुढचं होतं.

"साहेब, मिशी लक्षात राहील," ती म्हणाली. "पण मिशीची आठवण येते का कुणाला?"

निर्मात्याने यावर थोडा विचार केला आणि चष्मा चालेल का असं विचारलं.

पात्र तिला सापडलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी, न्हाणीघरात, आणि निव्वळ संतापातून. तिचे वडील आई गेल्यापासून तिच्याकडे राहत होते. निवृत्त माणूस, तब्येत ठणठणीत, आणि हाताला चैन नाही. शॉवरला धार बारीक येते असं जावयाने सहज म्हटलं होतं, तेही स्वतःशीच. त्यावर वडिलांनी "थांबा, मी बघतो" म्हणून शॉवर उतरवला, तो पाच तुकड्यांत वर्तमानपत्रावर मांडला, आणि मग सगळ्यांनी बादलीने आंघोळ करायला सुरुवात केली. त्याआधी त्यांनी मिक्सर बघितला होता. त्याआधी कपाटाचं कुलूप बघितलं होतं, ज्याची किल्ली आता आत जायची पण फिरायची नाही. बादलीत तांब्या बुडवताना लेखिकेच्या मनात जे काही आलं ते वडिलांबद्दल बोलण्यासारखं नव्हतं, पण लिहिण्यासारखं होतं. तिने ओल्या केसांनीच ते लिहून काढलं.

माणूस पन्नाशी ओलांडलेला, सध्या नाव नाही, नुसता काका. अंगात बिनबाह्यांचा तपकिरी स्वेटर, खिशात पेचकस. इमारतीत कुणाचंही काहीही बिघडलं की हा हजर. "सरका, मी बघतो." आणि मग जे बिघडलेलं असतं ते कायमचं मोडतं. दर वेळी नवी वस्तू, दर वेळी तोच माणूस. पहिल्या तीन सेकंदांत कळतं की हा आला, म्हणजे आता या वस्तूचं काही खरं नाही. इतक्या छोट्या फितीत ओळख करून द्यायला वेळच नसतो, त्यामुळे स्वेटर आणि पेचकस हीच ओळख. निर्मात्याला ते पटलं. मिशीचा विषय त्याने फक्त पुढे ढकलला.

काम करायला रंगभूमीवरचा एक मुरलेला नट मिळाला, ज्याला सगळे दादा म्हणायचे. काकाच्या बायकोच्या भूमिकेसाठी एक बाई आल्या, ज्या आयुष्यभर नाटकांत शेजारणी आणि मोलकरणी झाल्या होत्या आणि ज्यांना पहिल्या भागांत एकही वाक्य नव्हतं. त्या मागे उभ्या राहून कपाळाला हात लावणार, एवढंच. शूटिंगसाठी तिसऱ्या मजल्यावरच्या दोन रिकाम्या खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. कॅमेरा आणि संकलन एकाच मुलीकडे होतं. तिला सगळे कात्री म्हणायचे, कारण श्वास घेतलेला दिसला तरी ती तो कापायची.

पहिले तीन भाग बाहेर पडले आणि आपटले.

तसे साफ आपटले नाहीत. पहिला बऱ्यापैकी बघितला गेला, दुसरा कमी, तिसरा त्याहून कमी. लोक येत होते, हसत होते आणि अर्ध्यातून निघून जात होते. खाली लोकांनी लिहिलं होतं: याला कुणीतरी आवरा. डोक्यात जातो हा माणूस. आमच्याकडे आला तर दार लावून घेऊ. लेखिकेने प्रत्येक शब्द वाचला आणि तिला सगळ्यात जास्त राग याचा आला, की त्यातला प्रत्येक शब्द खरा होता. पात्र डोक्यातच जात होतं. तसंच लिहिलं होतं ना तिने.

निर्मात्याने बैठक बोलावली आणि मिशी परत टेबलावर आली. या वेळी चित्रं काढून आणली होती. शिवाय नावही ठरवून आणलं होतं: गडबड्या. नाव लोकांनी घ्यायचं असतं, आपण चिकटवायचं नसतं, असं लेखिकेने सांगून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी. गडबड्याचा फलक छापायला गेला होता.

बैठकीनंतर कात्रीने तिला संकलनाच्या खोलीत ओढलं. ती खोली म्हणजे जिन्याखालची कोंदट जागा होती, दोन खुर्च्या आणि एक पंखा, ज्याला हात लावू नका असं कात्रीने वडीलकीच्या सुरात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. पडद्यावर तिने तिसऱ्या भागाची रेघ उघडली. फीत सुरू झाल्यापासून संपेपर्यंत किती लोक टिकले, ते ती रेघ दाखवायची. रेघ घसरगुंडीसारखी खाली चालली होती.

"हे मला दिसतंय," लेखिका म्हणाली. "जखमेवर मीठ कशाला चोळतेस?"

"शेवटी बघ."

शेवटाजवळ रेघ सपाट झाली होती. सपाटच नाही, किंचित वर चढली होती. म्हणजे लोक तेवढा तुकडा मागे नेऊन पुन्हा बघत होते. कात्रीने तो लावला. काकाने शेजाऱ्याची दारावरची घंटा मोडली आहे, ती आता थांबतच नाही, शेजारी तणतणत आत निघून गेलाय. विनोद तिथे संपला होता. पण फीत आणखी दोन सेकंद चालू राहिली होती. त्या दोन सेकंदांत नट रिकाम्या हाताने दाराकडे बघत उभा होता, आणि त्याच्या बायकोचं काम करणाऱ्या बाईंनी त्याच्या पायाशी पडलेला पेचकस उचलला, आपल्या बाहीला पुसला आणि हळूच त्याच्या खिशात परत ठेवला.

"हे मी लिहिलेलं नाही," लेखिका म्हणाली.

"मी कापलेलंही नाही. राहून गेलं."

बाईंना बोलावून विचारलं. त्या घाबरल्याच. काही चुकलं का, म्हणाल्या. पेचकस धुळीत पडला होता, पुढच्या दृश्यात लागणार होता, आणि दादांच्या कधी लक्षात राहत नाही, म्हणून पुसून ठेवला.

लेखिकेला आनंद व्हायला हवा होता. झाली ती चिडचिड. लिहून ठेवलेल्या सहा भागांतल्या एकेका विनोदावर तिने रक्त आटवलं होतं, आणि लोक टिकले होते ते एका पुसलेल्या पेचकसावर. घरी जाताना रस्ताभर ती स्वतःशी भांडत होती. पण भांडता भांडता तिला कळत गेलं की झालं काय. फितीत त्या माणसाकडे बघणारे सगळे चिडलेले होते. शेजारी चिडलेला, दुकानदार चिडलेला, आणि मुख्य म्हणजे लिहिणारी चिडलेली. मग बघणाऱ्याने दुसरं काय करायचं? नव्या माणसाला आपण कुणाच्या तरी डोळ्यांनी ओळखतो. त्या दोन सेकंदांत पहिल्यांदा कुणीतरी त्याच्याकडे बऱ्या नजरेने बघितलं होतं, आणि त्याबरोबर बघणारेही तसेच बघायला लागले होते.

दुसरी गोष्ट तिला घरात शिरल्यावर सुचली, वडील शॉवरच्या पाच तुकड्यांसमोर बसलेले दिसले तेव्हा. हा माणूस दुसऱ्यांच्या घरी जातो कशाला? तिने लिहिलं होतं की त्याला खोड आहे. पण खोड ही इच्छा नव्हे. खोडीवर एकदा हसता येतं, मग ती जांभईसारखी होते. त्याला काय हवंय? त्याला दुरुस्ती करायचीच नाहीये. त्याला कुणीतरी हाक मारायला हवी आहे. एकेकाळी मारत असतील. आता कुणी मारत नाही, म्हणून तो कुणाच्याही पुटपुटण्याला हाक समजतो.

तिने उरलेले भाग फाडले आणि नव्याने बसली. आता तो आगंतुकासारखा घुसायचा नाही. कुणीतरी सहज म्हणायचं, "याला काय झालंय कुणास ठाऊक," आणि जिन्यात त्याचे कान टवकारायचे. मोडल्यावर तो पळून जायचा नाही, दुसऱ्यावर ढकलायचाही नाही. खरा कारागीर येईपर्यंत तिथेच थांबायचा आणि त्याला बॅटरी धरायचा. "सरका, मी बघतो" दर भागात नाही, लोक वाट बघतील तेव्हाच. बायको त्याला कधी हसायची नाही आणि कधी उपदेशही करायची नाही. मोडलेली वस्तू पुढच्या भागात मोडलेलीच दिसायची: तिरका झालेला फळीचा कप्पा, उलटं चालणारं घड्याळ. नव्या बघणाऱ्याला काही अडायचं नाही, जुन्याला मात्र कळायचं की आपण या घरात आधी येऊन गेलोय. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, जे तिने मोठ्या अक्षरांत लिहून शूटिंगच्या खोलीच्या दारावर चिकटवलं: काकांनी काहीही दुरुस्त करायचं नाही. कधीच.

ज्या दिवशी त्याला जमेल त्या दिवशी त्याला कुणाची हाक लागणार नाही, आणि गोष्ट संपेल. हे तिने निर्मात्याला समजावलं, नटाला समजावलं, रंगभूषेच्या माणसाला समजावलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्याच दिवशी सेट लावणाऱ्या माणसाने तिरका कप्पा दिसला म्हणून दोन खिळे मारून सरळ केला. वाकडा बघवत नव्हता, म्हणाला. अर्धा भाग चित्रित झाल्यावर ते लक्षात आलं. लेखिकेने डोकं भिंतीला टेकलं आणि तो भाग पहिल्यापासून पुन्हा काढला.

हळूहळू लोक परत यायला लागले. एकदम उसळी नाही, पण एकदा बघून गेलेला माणूस फिरून येत होता, आणि रेघ घसरगुंडी सोडून ओट्यासारखी दिसायला लागली. कुणीतरी खाली लिहिलं, घड्याळ अजून उलटंच आहे बघा. त्याखाली दुसऱ्याने लिहिलं, कप्प्याकडे बघा. कुणी लिहिलं, काकू आज बाहेरगावी गेल्यात का, काकांना पेचकस कोण देणार? आणि एके दिवशी नाव आलं. लोकांनीच दिलं: बघतो काका. गडबड्याचा फलक जिन्याखाली गेला, कात्रीने त्यावर चहाचे कप ठेवायला सुरुवात केली.

नट मात्र कुरकुरायला लागला. त्याला रस्त्यात लोक ओळखायचे, हात मिळवायचे, आणि मग म्हणायचे, काका, आमच्या घरी येऊ नका हं. त्याला एकदा तरी जिंकायचं होतं. एक बल्ब बदलतो, म्हणाला. बल्ब तर कुणीही बदलतं. लेखिकेने दारावरच्या कागदाकडे बोट दाखवलं.

घरी वडील सगळे भाग बघायचे. त्यांनी स्वतःला ओळखलं नाही. निदान तसं दाखवलं नाही. त्यांचं मत एकच होतं, की हा माणूस पेचकस चुकीचा धरतो. "असे लोक असतात," ते जावयाला म्हणाले. "त्यांना सांगून काही उपयोग नसतो." जावई तोंडावर वर्तमानपत्र धरून बराच वेळ बसला.

मग अवजारांची कंपनी आली. बॅटरीवर चालणारा पेचकस बनवणारी. बघतो काका आणि पेचकस, देवानेच जुळवलेली जोडी, असं निर्माता म्हणाला. त्याने सगळं ठरवूनही टाकलं होतं: काकांच्या हातात ते यंत्र येतं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना दुरुस्ती जमते. टाळ्या. करार झाला होता.

लेखिका इतकी बोलली की बाहेरचे लोक काचेतून आत बघायला लागले. इतके दिवस जे जमवलं ते एका यंत्रासाठी मोडायचं का, बाजारात यंत्रं शेकड्याने मिळतात, काका एकच आहे, वगैरे. निर्माता शांतपणे ऐकत होता. तो वाईट माणूस नव्हता, हीच अडचण होती.

"तुमचं सगळं बरोबर आहे," तो शेवटी म्हणाला. "पण त्यांचं यंत्र काकांच्या हातात मोडलं, तर ते मला मोडतील. यंत्र चाललं पाहिजे. एवढं बघा."

यंत्र चाललं पाहिजे आणि काकांना जमलं नाही पाहिजे. आगीतून फुफाट्यात. दोन दिवस लेखिका घरात कुणाशी धड बोलली नाही. उपाय सुचला तो स्वयंपाकघरात, नवऱ्याच्या हातातून डबा घेऊन तिने झाकण उघडून दिलं आणि त्याला वाटलं त्यानेच सैल केलं होतं, तेव्हा. यंत्र चालेल. फक्त ते काकांच्या हातात चालणार नाही.

भाग असा होता: शेजारणीच्या कपाटाचं दार एका बिजागरीवर लोंबतंय. काका नवं यंत्र घेऊन येतात, स्क्रूवर लावतात, यंत्र उलटं फिरतं, स्क्रू बाहेर पडतो. काका शेजारणीकडे वळून हल्लीच्या लाकडाला कशी पकड नसते ते सांगायला लागतात. बोलता बोलता यंत्र मागे धरतात. मागे काकू उभ्या. त्या ते घेतात, दिशेचं बटण बदलतात, स्क्रू आत बसवतात, यंत्र काकांच्या हातात परत ठेवतात. काका वळतात, दार लावतात, दार बसतं. काका म्हणतात, "बघितलंत?" आणि काकू म्हणतात, "बघितलं." त्यांचं एवढंच वाक्य.

शूटिंगच्या दिवशी सगळं सुरळीत चाललं होतं, म्हणजे काहीतरी होणारच होतं. नटाने पहिल्या वेळी लिहिल्याप्रमाणे केलं, लहान मुलासारखा खुलला. सगळे खूष. मग तो म्हणाला, मला आणखी एकदा करू द्या. दुसऱ्या वेळी दार बसल्यावर त्याची नजर काकूंच्या हाताकडे गेली. त्यांच्या बोटांना लाकडाचा भुसा लागला होता. तो थांबला. चेहऱ्यावरून काहीतरी सरकलं. आणि मग अगदी हळू आवाजात तो शेजारणीला म्हणाला, "बघितलंत?"

"नाही," लेखिका म्हणाली. "त्याला कळता कामा नये. आज कळलं तर आधीही कळत असणार. मग इतके दिवस तो लोकांना फसवत होता, असा अर्थ होतो."

"फसवत कशाला असेल? त्याला हाक हवी आहे, तूच सांगितलंस. हाकेसाठी माणूस येड्यासारखा वागत नाही का?"

"तो येडा असणं हा या सगळ्याचा पाया आहे, दादा."

नटाने स्वेटर काढून खुर्चीवर टाकला. "मी इतके महिने हा माणूस अंगात घालून फिरतोय. तो येडा नाहीये. तुझ्या घरात जो आहे तो तुला येडा वाटतो, म्हणून तू हाही तसा लिहितेस."

घरच्या शॉवरची गोष्ट तिने कधीतरी चहा पिताना सगळ्यांना सांगितली होती, हसत हसत. लेखिका उठली आणि जिन्यात जाऊन बसली. तिला नटाचा राग आला होता, तो हे सगळ्यांसमोर बोलला याचा जास्त. दोन पायऱ्या खाली कात्री येऊन बसली आणि नखं कुरतडत राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, की खोली संध्याकाळपर्यंतच आपली आहे.

"माहीत आहे," लेखिका म्हणाली.

तिला दोन्ही पटत होतं, तीच पंचाईत. काकाला कळत नाही असं दाखवलं तर तो तसाच राहतो, पण थोडा लहान होतो. कळतं असं दाखवलं तर मोठा होतो, पण मग पुढच्या भागात त्याला पुन्हा नेणत्यासारखं वागवता येत नाही. पात्र जपायचं म्हणजे त्याच्याबद्दल सगळं सांगून टाकायचं नाही, हे ती दुसऱ्यांना शिकवत आली होती. ती परत आत गेली आणि कॅमेरा उचलून नटाच्या मागे लावायला सांगितला.

"तुम्हाला जे करायचंय ते करा," ती नटाला म्हणाली. "पण आम्हाला तुमचा चेहरा दिसणार नाही. पाठ आणि दारावरचा हात, बस."

नटाने तक्रार केली नाही. त्या तिसऱ्या वेळी दार बसलं, आणि दारावरचा त्याचा हात तिथेच थांबला. क्षणभरच, पण थांबला. मग आवाज आला, "बघितलंत?" आणि भुसा लागलेली बोटं पाठीमागे लपवत काकू म्हणाल्या, "बघितलं." कात्रीने त्यातला एक श्वासही कापला नाही.

अवजारांच्या कंपनीने थोडी कटकट केली, यंत्र बाईच्या हातात जास्त दिसतं म्हणून. मग कुणीतरी त्यांना सांगितलं की बायकाही यंत्र विकत घेतात, तेव्हा ते गप्प झाले.

तो भाग आधीच्या कुठल्याही भागापेक्षा जास्त बघितला गेला, आणि त्याखाली लोक भांडायला लागले. त्याला कळलंय. नाही कळलेलं. हात बघा, हात थांबतो. हात दुखत असेल, वय झालंय. ज्यांनी पहिल्या भागाखाली दार लावून घेऊ असं लिहिलं होतं, त्यांच्यातलाच एक आता काकांची बाजू घेऊन अनोळखी लोकांशी तावातावाने वाद घालत होता. निर्मात्याचा फोन आला. पुढच्या भागात याचं उत्तर द्या, म्हणाला, लोक मागतायत. लेखिकेने सांगितलं की लोक मागतायत म्हणूनच द्यायचं नाही. उत्तर मिळालं की ते घरी जातील. निर्माता म्हणाला, विचार करा. तिने फोन ठेवला आणि स्वतःशीच दोन शब्द बोलली, जे छापण्यासारखे नव्हते.

नटानेही विचारलं होतं, खोली रिकामी करताना, सहज. "पण खरं काय? त्याला कळलं का?" तिने सांगितलं की तिलाही माहीत नाही, आणि ते खरं होतं.

रविवारी दुपारी वडिलांनी तो भाग बघितला. मोबाइल नाकाशी धरून त्यांनी तो पुन्हा लावला, मग आणखी एकदा. लेखिका शेजारी कपड्यांच्या घड्या घालत बसली होती आणि पेचकस चुकीचा धरलाय, हे ऐकायची वाट बघत होती. पण वडील मोबाइल पालथा ठेवून चष्मा पुसत बसले.

"तुझी आई असंच करायची," ते म्हणाले. "मी वळलो की गुपचूप नीट करून ठेवायची. तिला वाटायचं मला कळत नाही."

"कळायचं तुम्हाला?"

"म्हणजे काय." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "पण तिला बरं वाटायचं. म्हणून मी काही बोललो नाही कधी."

लेखिकेच्या हातात नवऱ्याचा सदरा तसाच राहिला. इतक्या महिन्यांत, इतक्या कागदांवर, इतकी डोकेफोड करून तिला जे वाक्य सापडलं नव्हतं, ते हा माणूस सोफ्यावर बसून असं सहज बोलून मोकळा झाला होता. आणि नेमकं हेच एक वाक्य तिला कधीही, कुठल्याही भागात वापरता येणार नव्हतं. नटाला सांगितलं तर तो प्रत्येक भागात ते चेहऱ्यावर आणणार. निर्मात्याला सांगितलं तर तो टीशर्टवर छापणार.

"काय झालं?" वडिलांनी विचारलं.

"काही नाही, बाबा," ती वैतागून म्हणाली, आणि तो सदरा तिने पुन्हा पहिल्यापासून घडी घालायला घेतला.